तुरुंगातून दहावी-बारावीची परीक्षा: फॉर्म १७ पासून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापर्यंत

जानेवारी संपत आला की तोच फोन येतो. "सर, पोरगा आत आहे, दहा तारखेपासून बारावीचे पेपर आहेत, कुणाला भेटू?" चौकशी केली तर फॉर्म भरलेलाच नसतो, किंवा भरलेला असतो पण तोंडी परीक्षा होऊन गेलेली असते, नाहीतर कोर्टाची ऑर्डर असूनही तुरुंग त्याला बाहेर सोडायला तयार नसतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि काही वर्षे कारागृहातल्या उपकेंद्रावर संचालक म्हणून काम केले आहे. बहुतेक वर्षे वाया जातात ती नियमांमुळे नव्हे, पावले उलट्या क्रमाने टाकल्यामुळे. म्हणून इथे महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावी-बारावीपुरते क्रमाने लिहितो. घरचे लोक, वकील, कारागृहातले शिक्षक आणि उपकेंद्रावर पहिल्यांदा ड्युटी लागलेले सहकारी, अशा चौघांसाठी हे आहे.

मुक्त विद्यापीठांचा रस्ता वेगळा आणि बराच सोपा आहे. नाशिक रोड, नागपूर अशा मध्यवर्ती कारागृहांत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची अभ्यासकेंद्रे आतच चालतात. बंदी पदवीचा विद्यार्थी असेल तर आधी कारागृहातल्या शिक्षकाला त्याबद्दल विचारा.

## १. आधी तीन गोष्टी पक्क्या करा

तो न्यायबंदी आहे की शिक्षाबंदी? खटला चालू असलेला तो न्यायबंदी, शिक्षा लागलेला तो शिक्षाबंदी. आतल्या उपकेंद्रावर बसायचे असेल तर दोघांचेही काम साधारणपणे अधीक्षकांच्या परवानगीने होते. न्यायबंद्याला भिंतीबाहेरच्या केंद्रावर न्यायचे ठरले की मात्र न्यायालयाच्या आदेशाशिवाय पान हलत नाही.

त्या कारागृहात उपकेंद्र आहे का? मंडळाचे केंद्र एखाद्या शाळेत असते आणि कारागृहातली खोली त्या केंद्राचे उपकेंद्र म्हणून मंजूर होते. मंजुरी विभागीय मंडळ देते, कारागृह नव्हे. गेल्या वर्षी उपकेंद्र होते म्हणून यंदाही असेलच असे धरू नका, कारण परीक्षार्थीच नसतील तर ते उघडत नाही.

तो पहिल्यांदा बसतो आहे की पुनर्परीक्षार्थी आहे? इथे सर्वात जास्त लोक चुकतात. बारावी नापास झालेल्या मुलाला फॉर्म १७ लागत नाही. तो ज्या महाविद्यालयातून बसला होता, तिथूनच त्याचा अर्ज पुन्हा जातो. दहावीनंतर किंवा अकरावीनंतर शिक्षण सुटले, त्याच्यासाठी फॉर्म १७ म्हणजे खासगी विद्यार्थ्याची नावनोंदणी असते.

> थांबा. नियमित महाविद्यालयातला प्रवेश ही तिसरीच गोष्ट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळोजा कारागृहातल्या एका न्यायबंद्याला विधी महाविद्यालयात प्रवेश घेऊ दिला. पण प्रवेश मिळाला म्हणजे हजेरीची अट सुटली असे होत नाही. दहावी-बारावीसाठी खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा फायदाच हा, की हजेरीचा प्रश्न येत नाही.

## २. फॉर्म १७: पावसाळ्यातले काम

नावनोंदणी मंडळाच्या संकेतस्थळावरून (`mahahsscboard.in`) ऑनलाइन होते. मुदत दरवर्षी जाहीर होते आणि साधारणपणे पावसाळ्यात असते. परीक्षा फेब्रुवारीत असली तरी धावपळ जुलैत सुरू करायची.

फॉर्म घरच्यांनी बाहेरून भरावा. मोबाइल क्रमांक आणि ईमेल घरच्या माणसाचा द्यावा, कारण सूचना आणि ओटीपी त्यावरच येतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर दुय्यम दाखला आणि प्रतिज्ञापत्र लागते, आणि प्रतिज्ञापत्रावर उमेदवाराची सही हवी. ती सही तुरुंगातून येणार. त्यामुळे दाखला शोधायचे काम सर्वांत आधी करा.

फोटोची अडचण कुणाच्या लक्षात येत नाही. कारागृहाच्या नोंदीसाठी काढलेला फोटो इथे देऊ नका. घरी असलेला अलीकडचा फोटो चालतो का ते पाहा. नसेल तर साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो काढून मिळावा, असा अर्ज अधीक्षकांना द्या. प्रिंट काढलेला फॉर्म आणि सहीचे कागद मुलाखतीच्या वेळी हातातून द्यायला जाऊ नका, ते तिथे परत केले जातील. अधीक्षकांच्या नावे अर्ज करा, त्याला कागद जोडा, आवक शाखेत द्या आणि पोच घ्या. सही झालेले कागद कारागृहाच्या पत्रासोबत संपर्क केंद्राकडे, म्हणजे तुम्ही फॉर्ममध्ये निवडलेल्या शाळेकडे किंवा महाविद्यालयाकडे जातात.

संपर्क केंद्र निवडताना कारागृहाजवळचे निवडा, घराजवळचे नको. उपकेंद्र आत असेल तर कारागृहातल्या शिक्षकाला विचारून त्याच केंद्राशी जोडलेले महाविद्यालय घ्या.

विषय निवडताना: बारावीला कला शाखा आणि प्रात्यक्षिक नसलेले विषय घ्या. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांची पुस्तके आत सहज जातात. प्रयोगशाळा जात नाही.

> तपासा: नाव. कारागृहातली नोंद वॉरंटवरच्या नावाने असते. गुन्ह्याच्या कागदात "ऊर्फ" लावून घरचे नाव आलेले असते, आडनावाचे स्पेलिंग वेगळे असते. हॉल तिकीट मात्र दाखल्यावरच्या नावाने येते. पेपरच्या दिवशी दोन्ही नावे जुळली नाहीत की गेटवरचा अधिकारी आणि केंद्र संचालक दोघेही अडवतात, आणि दोघांचेही बरोबरच असते. "ही दोन्ही नावे एकाच बंद्याची आहेत" असे अधीक्षकांचे पत्र, बंदी क्रमांक आणि हॉल तिकिटाचा फोटो यांसह, आधीच तयार ठेवा.

## ३. वीस गुणांचा खड्डा

फॉर्म १७ झाला म्हणजे परीक्षेचा अर्ज झाला, असे अनेकांना वाटते. फॉर्म १७ ही फक्त नोंदणी आहे. परीक्षेचे आवेदनपत्र पुढे संपर्क केंद्रामार्फत वेगळे भरायचे असते आणि त्याचे शुल्कही वेगळे असते. दिवाळीच्या आसपास महाविद्यालयाला स्वतःहून विचारा. कुणी फोन करून बोलावेल या भरवशावर राहू नका.

यापेक्षा मोठा खड्डा तोंडी परीक्षा आणि प्रकल्पाचा आहे. बारावी कला शाखेत भाषांना ८० गुण लेखी आणि २० तोंडी असतात, इतिहासासारख्या विषयांना ८० लेखी आणि २० प्रकल्पाचे. शिवाय पर्यावरण शिक्षणाची वही असते. हे सगळे लेखी परीक्षेच्या आधी होते. सगळ्यांचे लक्ष फेब्रुवारीच्या वेळापत्रकावर असते, त्यामुळे तोंडीची तारीख आली कधी आणि गेली कधी तेच कळत नाही. मुलगा लेखीला बसतो आणि निकालात अनुपस्थित दिसतो.

प्रकल्प सोपा आहे. विषय कागदावर लिहून आत पाठवता येतो, मुलगा तो फुलस्केप कागदांवर लिहितो आणि कारागृहाचे पत्र लावून तो परत येतो. तोंडीसाठी शिक्षकाला आत जावे लागते. प्राचार्यांनी अधीक्षकांना शिक्षकाचे नाव, ओळखपत्र, तारीख आणि विषय लिहून आठ-दहा दिवस आधी पत्र द्यावे. मी एकदा इंग्रजीची तोंडी घ्यायला गेलो, तेव्हा पत्रात विषय लिहिला होता पण माझे नाव नव्हते. दीड तास गेटवर बसून परत आलो. तारीख चुकलीच, तर मंडळाकडे आउट ऑफ टर्न तोंडीची सोय असते. त्यासाठी प्राचार्यांनी विभागीय मंडळाला कारणासह लिहायचे असते, आणि तेही ताबडतोब.

## ४. बाहेरच्या केंद्रासाठी न्यायालयाचा आदेश

आत उपकेंद्र असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. नसेल तर दोन वाटा आहेत. उपकेंद्र असलेल्या कारागृहात परीक्षेपुरते वर्ग करण्याची विनंती, किंवा पोलीस बंदोबस्तात बाहेरच्या केंद्रावर नेण्याची विनंती. पहिली वाट मला जास्त बरी वाटते. प्रवास एकदाच होतो आणि रोजची टांगती तलवार राहत नाही. पण ती दिवाळीच्या आधी सुरू करावी लागते, कारण केंद्रही तिथलेच मिळवायचे असते.

दुसऱ्या वाटेत काय होते, ते एका उदाहरणातून सांगतो. जिल्हा कारागृहातला एकवीस वर्षांचा न्यायबंदी, बारावी कला, सहा लेखी पेपर. फॉर्म १७ ऑगस्टमध्ये भरला, सह्या सप्टेंबरमध्ये झाल्या, तोंडीही झाली. हॉल तिकीट जानेवारीत आले. वकिलांनी सत्र न्यायालयात अर्ज केला आणि आदेश मिळाला: "आरोपीस बारावीच्या परीक्षेस बसण्याची परवानगी देण्यात येते." घरच्यांनी पेढे वाटले. चार दिवसांनी कारागृहाने न्यायालयाला पत्र लिहून विचारले, कोणत्या तारखांना, कुठे, कोणाच्या बंदोबस्तात, कोणाच्या खर्चाने?

कारागृहाने अडवणूक केली असे नाही. कारागृहाचे कर्मचारी बंद्याला बाहेर नेत नाहीत, ते काम जिल्हा पोलिसांच्या मुख्यालयाचे असते. त्या आदेशात पोलिसांचा उल्लेखच नव्हता, म्हणून मुख्यालयाकडे मनुष्यबळ मागायला आधारच उरला नव्हता. दुरुस्त आदेश मिळेपर्यंत पहिला पेपर गेला. पुढचे पाच त्याने दिले आणि राहिलेला विषय जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत सोडवला. तेव्हाही नवा आदेश घ्यावा लागला.

अर्जात मागणी अशी लिहा:

- हॉल तिकिटावरच्या प्रत्येक पेपरची तारीख, सत्र, केंद्राचे नाव आणि पत्ता. "वेळापत्रक सोबत जोडले आहे" एवढ्यावर थांबू नका, तारखा आदेशात उतरल्या पाहिजेत.
- पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांना बंदोबस्त पुरवण्याचे आणि कारागृह अधीक्षकांना बंदी ताब्यात देण्याचे, असे दोन स्वतंत्र निर्देश.
- सकाळच्या सत्राला परीक्षार्थी केंद्रावर १०.३० च्या आधी पोहोचेल असा स्पष्ट उल्लेख.
- लिहिताना हात मोकळे राहतील आणि बंदोबस्तातले पोलीस दालनाच्या बाहेर थांबतील.
- बंदोबस्ताचा खर्च कोणी करायचा.
- हे शक्य नसेल तर पर्यायी मागणी म्हणून परीक्षेच्या काळापुरता तात्पुरता जामीन.

आदेशाची प्रत कारागृह, पोलीस मुख्यालय आणि केंद्र संचालक अशा तिघांकडे गेली का, हे स्वतः जाऊन पाहा. केंद्र संचालकांना आधी भेटलात तर ते तळमजल्यावरची, दाराजवळची जागा देऊ शकतात. इतर मुलांचेही पेपर असतात. दारात गणवेशातले चार पोलीस अचानक दिसले तर तीही बिचकतात.

> तपासा: कोर्टाची तारीख. न्यायबंद्याच्या खटल्याची तारीख पेपरच्याच दिवशी येते, हे मी तीनदा पाहिले आहे. वेळापत्रक लागले की वकिलांना दाखवा आणि त्या दिवशी हजेरीतून सूट किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सवर वेगळी वेळ मागा. तसे केले नाही तर कारागृह त्याला कोर्टात पाठवेल, परीक्षेला नाही.

## ५. आतले उपकेंद्र: आदल्या आठवड्यात ठरवायचे

इथून पुढचे मुख्यतः उपकेंद्र संचालक आणि कारागृह अधिकारी यांच्यासाठी. दोघांनी एकदा समोरासमोर बसून कागदावर उतरवून घेतले, तर परीक्षेचे दिवस शांत जातात.

खोली. ग्रंथालय किंवा शाळेची खोली घ्या. ती बॅरकपासून दूर असावी आणि तिच्या खिडक्या मोकळ्या यार्डाकडे उघडत नसाव्यात.

पर्यवेक्षक. ते बाहेरचे शिक्षकच हवेत. कारागृहातला शिक्षक कितीही प्रामाणिक असला तरी त्याने याच मुलांना शिकवलेले असते, त्याला दालनात ठेवू नका. तुरुंगाधिकारी आणि शिपाई दाराबाहेरची सुरक्षा पाहतील. पाणी द्यायलाही दुसरा बंदी आत येणार नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी पाणी वाटायला एक वॉर्डर बंदी आला आणि दुसऱ्या फेरीत ग्लासाखालून चिठ्ठी निघाली. तेव्हापासून प्रत्येकाच्या बाकावर आधीच झाकलेला ग्लास ठेवतो.

बैठक. मंडळाची बैठक आसनक्रमांकाने असते. कारागृहाकडे मात्र कोणाला कोणाजवळ बसवू नये याची यादी असते. ती आधी मागा. खोली लहान असेल तर दोन खोल्या घ्या, क्रम मोडू नका.

साहित्य. पेन पारदर्शक, आणि मोजून द्यायचे. दहावीच्या भूमितीच्या पेपरला कंपास लागतो, आणि त्याचे लोखंडी टोक बॅरकमध्ये जाणे अधीक्षकांना चालणार नाही. रचना कंपासशिवाय काढता येत नाही, हेही खरे. उपाय साधा आहे. कंपासपेट्यांना क्रमांक घाला, पर्यवेक्षक त्या दालनात वाटतील आणि उत्तरपत्रिकेबरोबरच परत घेतील. मोजणी जुळेपर्यंत दालन सोडायचे नाही.

जेवण आणि बॅरकची कुलूपबंदी. सकाळच्या सत्राचा पेपर ११ ला सुरू होतो आणि २.१० ला संपतो. बहुतेक कारागृहांत सकाळचे जेवण त्याच सुमारास वाटले जाते. परीक्षार्थ्यांना ते साडेनऊला मिळेल की अडीचला राखून ठेवले जाईल, हे स्वयंपाकघराला लेखी कळवा. दुपारचे सत्र याहून अवघड असते. पेपर ३ ला सुरू होऊन ६.१० पर्यंत चालतो आणि संध्याकाळची मोजणी व बॅरकची कुलूपबंदी त्याआधीच होते. या मुलांची मोजणी दालनातच धरायची आणि त्यांना उशिरा बॅरकमध्ये घ्यायचे, असा अधीक्षकांचा आदेश त्या तारखांपुरता काढून ठेवा. तो नसेल तर साडेपाचला शिपाई दारात उभा राहतो आणि मुलांचे लक्ष उडते.

## ६. पेपरचा दिवस: गेटवरची दहा मिनिटे

प्रश्नपत्रिका परिरक्षक केंद्रातून निघतात. सहायक परिरक्षक, ज्याला आपण रनर म्हणतो, सीलबंद पाकीट घेऊन येतो आणि त्या प्रवासाचे मोबाइलवर चित्रीकरण करतो. कारागृहाच्या मुख्य दारावर दोन नियम समोरासमोर येतात. मोबाइल आत नेता येत नाही, आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू उघडून पाहिली जाते.

पाकीट उघडून चालणार नाही. ते परीक्षार्थ्यांसमोरच, दालनात, सील शाबूत असल्याची त्यांची सही घेऊन उघडायचे असते. म्हणून गेटवरच्या अधिकाऱ्याला अधीक्षकांचा लेखी आदेश आधीच दिलेला हवा: मंडळाचे सीलबंद पाकीट उघडू नये, बाहेरून पाहून नोंद करावी. रनर गेटबाहेरच पाकीट उपकेंद्र संचालकाच्या हाती देतो, ते देतानाचे चित्रीकरण तिथेच पूर्ण करतो आणि फोन बंद करतो. गेटच्या नोंदवहीत वेळ, पाकिटांची संख्या आणि सील शाबूत असल्याची नोंद होऊन दोघांच्या सह्या होतात. माणसांची झडती नेहमीसारखी होईल, तिला हरकत घेऊ नका. आत जाणाऱ्या शिक्षकांनी औषधाच्या गोळ्यासुद्धा गेटवर दाखवून न्याव्यात.

परीक्षार्थ्यांची झडती दोनदा करा, बॅरकमधून निघताना आणि दालनाच्या दारात. महिला परीक्षार्थी असतील तर दोन्ही ठिकाणी महिला कर्मचारी हव्यात. साडेदहाला सगळे जागेवर असले पाहिजेत. बंदी आतच आहे, उशीर कसा होईल, असे वाटते. पण त्याला बॅरकमधून काढायला शिपाई लागतो, आणि त्या वेळी मुलाखती आणि कोर्टाच्या गाड्या यांची गडबड असते. परीक्षार्थ्यांची यादी आणि त्यांना आणणारा कर्मचारी आदल्या दिवशीच नेमून ठेवा.

> कारागृहातली धोक्याची घंटा. परीक्षेच्या दिवशी तिचा सराव ठेवू नका. खरीच घंटा झाली तर परीक्षार्थी दालनातच राहतील, दार बंद होईल आणि पेपर चालू राहील. किती मिनिटांचा व्यत्यय आला त्याची नोंद करून केंद्र संचालकांना त्याच दिवशी लेखी कळवा.

पेपर संपला की उत्तरपत्रिका आणि पुरवण्या मोजा, बारकोड पाहा, गठ्ठा दालनातच बांधून सील करा आणि लगेच बाहेर न्या. "साहेबांच्या कपाटात ठेवू, उद्या एकदम नेऊ" असे कुणी सुचवले तरी ऐकू नका. गठ्ठा रात्रभर कारागृहात राहिला तर सगळ्या परीक्षार्थ्यांच्या पेपरांवर संशय येतो आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो. जाताना गेटच्या त्याच वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहा.

## ७. मध्येच जामीन झाला किंवा बदली झाली तर

जामीन ही आनंदाची बातमी, पण हॉल तिकिटावर केंद्र कारागृहाचे असते. सुटलेला माणूस पेपरसाठी रोज आत येऊ शकत नाही. सुटका होताच त्याच दिवशी संपर्क महाविद्यालयाकडे जा. सुटकेचा कागद आणि हॉल तिकीट जोडून विभागीय मंडळाकडे केंद्र बदलाचा अर्ज करा, शक्यतो त्याच मुख्य केंद्रावर जागा मागा. मुख्य केंद्र जवळच असते आणि प्रश्नपत्रिकांचा हिशेब तिथल्या तिथे जुळतो, म्हणून हा बदल लवकर होतो.

दुसऱ्या कारागृहात बदली झाली तर हाच अर्ज कारागृहामार्फत जातो, पण बंद्याबरोबर त्याची कागदपत्रे जात नाहीत. पुस्तके, हॉल तिकीट, नावाचे पत्र हे सगळे जुन्या कारागृहात राहते. घरच्यांकडे प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स असावी.

निकाल लागला की गुणपत्रिका संपर्क केंद्रातून मिळते. शिक्षाबंदी असेल तर तिची साक्षांकित प्रत अर्जासह अधीक्षकांकडे द्या आणि पोच घ्या. परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दलच्या शिक्षामाफीचा प्रस्ताव त्या प्रतीवरून तयार होतो. मूळ गुणपत्रिका घरी ठेवा.